भन्तेजींच्या नावाने गिफ्ट कार्ड कोण मागते? परत न येणाऱ्या पैशाची खूण ओळखा

वर्षावास, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, १४ एप्रिल. या काळात आपल्या विहारांमध्ये आणि मंडळांमध्ये वर्गणी व दान गोळा होते, आणि त्याच काळात ओळखीच्या माणसाच्या नावाने पैसे मागणारे बनावट मेसेजही फिरतात. अशा मेसेजमध्ये फोटो खरा असतो, नाव खरे असते, भाषाही आपलीच असते. मग खोटे ओळखायचे कशावरून? आमचे म्हणणे असे, की मेसेज कोणाच्या नावाने आला हे नंतर पाहा. पैसे कोणत्या मार्गाने मागितले आहेत ते आधी पाहा.

एक नमुना घेऊ. समजा, विहार समितीच्या एका तरुण कार्यकर्त्याला नव्या नंबरवरून व्हॉट्सअॅप येते. फोटो भन्तेजींचा. "मंगल हो. मी धम्मदेसनेत आहे, फोन घेऊ शकत नाही. एका आजारी उपासकाला तातडीने मदत द्यायची आहे. पाच-पाच हजारांची पाच गिफ्ट कार्डे घेऊन कोडचा फोटो पाठव. पैसे संध्याकाळी देतो. सध्या कोणाला सांगू नकोस." कार्यकर्ता यूपीआयने २५,००० रुपयांची कार्डे ऑनलाइन घेतो आणि कोड पाठवतो. संध्याकाळी खऱ्या भन्तेजींना विचारतो, तर त्यांना यातले काहीच माहीत नसते.

अशीच फसवणूक अमेरिकेत चर्चचे पाद्री आणि ज्यूंचे रब्बी यांच्या नावाने झाली आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये तसा इशारा दिला होता. आपल्याकडे ऑफिसातल्या साहेबाच्या नावाने हाच प्रकार चालतो. धर्म आणि देश बदलतो, गिफ्ट कार्ड तेच राहते. असे का?

कारण गिफ्ट कार्डचा कोड म्हणजेच पैसा. कार्ड हातात असण्याची गरज नसते, फोटो पुरतो. कोड मिळताच ठग तो काही मिनिटांत आपल्या खात्यात भरतो किंवा दुसऱ्याला स्वस्तात विकतो. २५,००० चे कोड १८,००० ला गेले तरी त्याचे काही बिघडत नाही, कारण त्याचा खर्च जवळपास शून्य. शिवाय कोड कोणी वापरला हे दुकानदाराला कळत नाही आणि आपल्या बँकेलाही दिसत नाही. बँकेच्या नोंदीत एवढेच राहते, की आपण स्वतः एका कंपनीकडून कार्ड विकत घेतले. ते खरेच असते. मग बँक परत काय आणणार?

इथे सगळ्या खेळाचे मूळ आहे. ठगाला फक्त पैसे नको असतात. त्याला तीन गोष्टी एकत्र हव्या असतात: पैसा लगेच हातात यावा, तो मागे खेचता येऊ नये, आणि घेणाऱ्याचे नाव पुढे येऊ नये. क्रेडिट कार्डने खरेदी केली आणि माल आलाच नाही, तर आपण बँकेकडे वाद नोंदवू शकतो. बँक दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागू शकते. दुकानदाराला आपली बाजू सिद्ध करावी लागते. म्हणजे मध्ये तपासणारा कोणीतरी उभा असतो. ठगाला हा मधला माणूसच नको असतो.

वायर ट्रान्सफर, म्हणजे थेट खात्यात किंवा मनी ट्रान्सफर कंपनीमार्फत पाठवलेली रक्कम, याच कामाची. समोरच्याने ती काढून घेतली की विषय संपला. वेस्टर्न युनियन या मोठ्या कंपनीच्या जाळ्यातून ठगांनी लोकांचे पैसे उचलले. ते रोखण्यात कमी पडल्याबद्दल कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सरकारला ५८.६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. आपल्याकडे हेच काम आयएमपीएस आणि यूपीआयवर होते. पैसे जातात ते बहुतेकदा ठगाच्या नव्हे, तर भाड्याने घेतलेल्या खात्यात, आणि तिथून पुढच्या चार खात्यांत. म्हणूनच "तुझे खाते दे, कमिशन देतो" असे कोणी म्हणाले तर आपल्या तरुणांनी लांब राहावे. पोलीस आधी त्या खातेदाराच्याच दारात येतात.

क्रिप्टोमध्ये तर मध्ये बँकच नसते. व्यवहार साखळीत नोंदला गेला की तो उलटवणारा मॅनेजर कुठेही बसलेला नसतो. यूएसडीटीसारखी काही नाणी त्यांची कंपनी गोठवू शकते, पण ती त्या पत्त्यावर शिल्लक असतील तरच, आणि सहसा तपास यंत्रणांच्या मागणीवरून.

आता कोणी विचारेल, आपण भाजीवाल्यालाही यूपीआयने पैसे देतो, तेही परत येत नाहीत. मग तोही ठग का? नाही. भाजीवाल्याला रोख दिले तरी चालते. खूण परत न येणाऱ्या मार्गात नाही. त्याच मार्गाचा हट्ट धरण्यात आणि दुसरा प्रत्येक मार्ग नाकारण्यात ती आहे.

म्हणून कसोटी सोपी आहे. दुसरा मार्ग सुचवून पाहा. "भन्तेजी, समितीच्या खात्यातून चेक देतो." "त्या उपासकाच्या हॉस्पिटलचे बिल थेट भरतो." "मी स्वतः विहारात येऊन देतो." खरी गरज असेल तर यातले काहीतरी चालते. ठगाला काहीच चालत नाही. चेक नको, पावती नको, भेट नको, फक्त कोड हवा. त्यानंतर जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करावा. आपले गुरू सांगतात एवढ्यावरूनच एखादी गोष्ट मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे. इथे तर बोलणारे गुरूही खरे नाहीत. तेव्हा विचारण्यात अनादर कसला?

पैसे गेलेच, तर लाज बाळगून एक तासही घालवू नये. लगेच १९३० वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी, आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पैसा पुढच्या खात्यात पडून असेल तर बँक तो तिथेच अडवू शकते. तो पुढे काढला गेला असेल तर हे अवघड होते. गिफ्ट कार्ड असेल तर ते देणाऱ्या कंपनीला तातडीने कळवावे. कोड अजून वापरला गेला नसेल तरच काही आशा. कोड, बिल आणि चॅट पुसू नये. क्रिप्टो असेल तर व्यवहाराचा क्रमांक आणि समोरचा पत्ता जपून ठेवावा.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. आपल्या नकळत खात्यातून पैसे गेले आणि वेळेत कळवले, तर ग्राहकाला संरक्षण देणारा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण पिन आपणच टाकला असेल तर तो व्यवहार आपण मंजूर केलेला धरला जातो, आणि भरपाई मिळणे कठीण होते. ठग म्हणूनच आपल्या हातून पैसे पाठवून घेतात.

आणि "गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन आला, तर तीच कसोटी लावा. फी कशात मागतो ते पाहा.

विहार समित्यांनी एक ठराव करून तो फलकावर लावावा, असे आम्ही सुचवतो: दान फक्त समितीच्या खात्यात किंवा हातोहात, पावतीसह. गिफ्ट कार्ड कोणीही, कोणाच्याही नावाने मागितले तरी ते दिले जाणार नाही. मग पुढच्या कार्यकर्त्याला "भन्तेजींना नाही कसे म्हणू?" हा प्रश्न पडणार नाही. तो सरळ फलकाकडे बोट दाखवेल.