रात्री बारानंतर उद्याचा डेटा

सांगलीच्या माझ्या आत्याचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. साडेदहाला पाठ टेकायची, उशाशी मोबाइल ठेवायचा आणि अभंग लावायचे. दोन-तीन अभंग होईतो तिला झोप लागते, पण गाणं काही थांबत नाही. यादी संपली की अॅप आपणहून तसलंच पुढचं काहीतरी लावतं आणि पहाटे साडेपाचला तिला जाग येते तेव्हाही कुणीतरी गातच असतं. मग सकाळी दोन-चार व्हिडिओ पाहिले, की निम्मा डेटा संपल्याचा मेसेज येतो. "अगं, मी तर आत्ताच हातात घेतला फोन!" असं ती कळवळून सांगायची.

तिचा प्लॅन रोज १ जीबीचा. असा रोजचा कोटा साधारणपणे रात्री १२ वाजता नव्याने सुरू होतो. आत्याला वाटायचं, रात्रीचं ऐकणं कालच्या उरलेल्या डेटातून जातं. खरं तर साडेदहा ते बारा एवढंच कालचं. बारानंतरचे साडेपाच तास उद्याच्या खात्यातून जात होते.

किती जात होते, हे मोजता येतं. तिच्या अॅपमध्ये आवाजाचा दर्जा १६० केबीपीएस होता, म्हणजे सेकंदाला १६० किलोबिट. ३६०० सेकंदांनी गुणून ८ ने भागलं की तासाला ७२ एमबी. साडेपाच तासांचे जवळजवळ ४०० एमबी, तेही ती गाढ झोपेत असताना. हेच अभंग व्हिडिओवर लावले असते, तर चित्रामुळे आकडा कितीतरी वाढला असता. म्हणून झोपताना ऐकायला केवळ आवाजाचं अॅप घ्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

पहिला उपाय टायमरचा. स्पॉटिफायमध्ये गाणं चालू असताना तीन टिंबांवर दाबलं की Sleep timer दिसतो आणि ५ मिनिटांपासून १ तासापर्यंत वेळ निवडता येते. आयफोनवर तर फोनच्या घड्याळातच सोय आहे. Timers मध्ये वेळ लावायची आणि When Timer Ends या ठिकाणी घंटेऐवजी, यादीच्या अगदी तळाशी असलेलं Stop Playing निवडायचं. ते कुठल्याही अॅपचा आवाज थांबवतं. वेळ किती लावायची? शेवटचा कुठला अभंग ऐकल्याचं आठवतं, ते आत्याला तीन दिवस विचारलं. वीस-पंचवीस मिनिटांपलीकडचं काहीच आठवत नव्हतं. तरी झोप उशिरा लागली तर मधेच शांत व्हायला नको, म्हणून ४५ मिनिटं लावली. एक लक्षात ठेवावं लागतं: हा टायमर त्या रात्रीपुरताच असतो. रोज लावावा लागतो.

दुसऱ्या उपायात बरेच जण फसतात. अँड्रॉइडचा Data Saver चालू केला की गाणंही कमी डेटा खाईल, असा समज असतो. तो मुख्यतः मागे गुपचूप चालणाऱ्या अॅपचा डेटा अडवतो. मेल आणणं, फोटो चढवणं असली कामं थांबतात आणि रात्रभरात तोही फायदा मोठा आहे. पण चालू असलेल्या गाण्याचा दर्जा तो स्वतः उतरवत नाही. आयफोनच्या Low Data Mode मध्ये दर्जा उतरू शकतो, पण त्या अॅपने तशी सोय केलेली असेल तर. म्हणून अॅपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मोबाइल डेटावरचा दर्जा हाताने बदलायचाच.

स्पॉटिफायमध्ये सर्वांत खालचा Low म्हणजे सुमारे २४ केबीपीएस, तासाला ११ एमबी. आम्ही तो लावून पाहिला. निरूपण, कथा, बोललेलं सगळं स्वच्छ ऐकू येतं. मात्र टाळ वाजू लागले की त्यांची किणकिण जाऊन पाणी खळबळल्यासारखा आवाज येतो. आत्याने दोन मिनिटांत मान हलवली. मग Normal लावला: ९६ केबीपीएस, तासाला ४३ एमबी. टाळ पुन्हा टाळ झाले. बोलण्याला Low आणि गाण्याला Normal, हीच वाटणी मला पटते. कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येणाऱ्या प्लॅनमध्ये Low तेवढा चालू राहू शकतो, बाकीचे अडखळतात.

टायमर खरंच चालला का, हे पाहायची खूणही आत्याला शिकवली. काही टायमर आवाज बंद करतात, पण डेटा मागे वाहतच राहतो. शांतता झाली म्हणून विश्वास ठेवायचा नाही. अॅपच्या माहितीत आजवर किती मोबाइल डेटा गेला तो आकडा असतो. झोपताना तो वहीत टिपायचा आणि उठल्यावर वजाबाकी करायची.

पहिल्या सकाळी आत्याने फोन करून आकडे वाचून दाखवले. फरक ३६ एमबीचा होता. हिशेबाने ३२ यायला हवे होते. वरचे चार बहुधा पुढचा अभंग आधीच उतरवून ठेवल्याचे. आणि सव्वाअकरालाच सगळं थांबल्यामुळे नव्या दिवसाच्या १ जीबीला अभंगांनी हातही लावला नव्हता.