सतराव्या धड्यावर आलेला माणूस पहिल्या धड्यापर्यंत कसा पोचतो?

मोडी लिपी शिकवणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचं यूट्यूब चॅनेल गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलं. म्हणजे सरांनी फोन केला, ‘जरा बघ रे, इतकं करून कुणी पुढे जात नाही.’ धडे उत्तम होते. बोरूचा कोन, आधी शिरोरेषा ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहायची पद्धत, ‘र’ची वेगवेगळी रूपं, सगळं कॅमेऱ्याजवळ हात ठेवून सावकाश दाखवलेलं. पण चॅनेल उघडलं आणि मला स्वतःलाच पहिला धडा सापडेना. व्हिडिओंच्या यादीत सर्वांत वर काल टाकलेला व्हिडिओ होता, ‘भाग १७’. प्लेलिस्ट तीन होत्या : ‘मोडी’, ‘मोडी २’ आणि ‘नवीन’. ‘नवीन’मधला सर्वांत ताजा व्हिडिओ वर्षापूर्वीचा होता.

मालिकेत नवा प्रेक्षक पुढच्या दाराने क्वचितच येतो, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. कुणीतरी आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला कागद हातात धरून शोधतं, ‘मोडी जोडाक्षरे’ किंवा ‘मोडी पत्रातली तारीख कशी वाचायची’, आणि थेट सातव्या नाहीतर सतराव्या धड्यावर येऊन पडतं. त्या क्षणी त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : हा कुठल्या मालिकेतला धडा आहे, कितवा आहे आणि पहिला कुठे आहे. व्हिडिओत सर कितीही छान बोलोत, या तीन प्रश्नांची उत्तरं नावांनाच द्यावी लागतात. सरांनी नावं स्वतःच्या सोयीने ठेवली होती. त्यांना ‘मोडी २’ म्हणजे काय ते ठाऊक होतं, आल्या माणसाला नव्हतं.

व्हिडिओच्या शीर्षकापासून सुरुवात केली. यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरं देतं, पण मराठीत हा आकडा फसवा आहे. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर बांधणारा हलन्त ही चिन्हं तिथे वेगवेगळी धरली जातात, म्हणून ‘स्त्री’ हा डोळ्यांना एकच अक्षर दिसणारा शब्द सहा जागा खातो. आणि १०० जागा मिळाल्या तरी त्या सगळ्या दिसत नाहीत. फोनवर शेजारच्या यादीत शीर्षक एकदोन ओळींनंतर तोडलं जातं.

मग क्रमांक कुठे घालायचा? मोठ्या चॅनेलांनी याची निरनिराळी उत्तरं काढली आहेत. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवरचा गिल्बर्ट स्ट्रँग यांचा पहिला तास `1. The Geometry of Linear Equations` असा आहे. क्रमांक अगदी आधी, तो कधीच तुटत नाही. पण हा कुठल्या विषयाचा वर्ग ते शीर्षकात नाही, ती जबाबदारी प्लेलिस्टच्या नावावर सोपवली आहे : `MIT 18.06 Linear Algebra, Spring 2005`. म्हणून प्लेलिस्टबाहेर एकटा पडलेला असा तास थोडा अनाथ वाटतो. ‘थ्रीब्लूवनब्राउन’ने याच विषयावरच्या आपल्या मालिकेत उलट केलं : `Vectors | Chapter 1, Essence of linear algebra`. आधी विषय, मग उभी रेघ, मग प्रकरणाचा क्रमांक आणि शेवटी मालिका. शोधणाऱ्याला आपला शब्द पहिल्यांदा दिसतो आणि पाठोपाठ हे एका मालिकेतलं प्रकरण आहे हे कळतं. ‘क्रॅश कोर्स’ने जगाच्या इतिहासात क्रमांक अगदी शेवटी घातला : `The Agricultural Revolution: Crash Course World History #1`. शीर्षक तोडलं गेलं की पहिल्यांदा तो `#1`च जातो.

मला मधली पद्धत मराठीसाठी सर्वांत उपयोगाची वाटते, एक अट पाळली तर : मालिकेचं नाव आखूड हवं. सरांच्या ‘भाग ७’चं आम्ही ‘मोडी जोडाक्षरे कशी लिहावीत | धडा ७, मोडी लिपी शिका’ असं केलं. ‘भाग’ हा शब्दही मुद्दाम काढला. एकाच व्हिडिओचे दोन तुकडे केले तरी लोक ‘भाग १, भाग २’ म्हणतात, ‘धडा’ म्हटलं की शिकवणीचा क्रम आहे हे आपसूक समजतं.

इथे मोडीची स्वतःची एक अडचण आहे. मराठीत शोधणारे पुष्कळ जण रोमन अक्षरांत टंकतात, आणि रोमनमध्ये ‘मोडी’ आणि ‘मोदी’ दोन्ही `Modi`च. सरांची प्लेलिस्ट नुसती ‘मोडी’ होती आणि तिच्या वर्णनात `Modi` एवढंच. हा शब्द एकटा कधीच सोडायचा नाही. मराठीत ‘मोडी लिपी’, रोमनमध्ये `Modi lipi` आणि `Modi script`, हे जोडीनेच लिहायचं. शीर्षकात दोन लिप्यांची खिचडी करण्यापेक्षा रोमन शब्द प्लेलिस्टच्या वर्णनात एका साध्या वाक्यात बसवले तर वाचणाऱ्याला खुपत नाहीत. आपल्या विषयातही असा दुसऱ्याच गोष्टीवर जाऊन आदळणारा शब्द आहे का, हे बघायचं असेल तर चॅनेलचं नाव न घालता नुसता तो शब्द शोधून पाहावा.

प्लेलिस्टच्या नावाला १५० अक्षरं मिळतात, पण कामाची पहिली तीस-चाळीसच. सरांच्या ‘मोडी’चं नाव झालं ‘मोडी लिपी शिका : पहिल्या धड्यापासून’. ‘एकूण २४ धडे’ असं लिहायचा मोह झाला होता, पण मालिका चालू असताना आकडा लगेच शिळा होतो. ती पूर्ण झाल्यावर मात्र तो घालावा, कारण समोर किती वाट आहे हे माणसाला कळतं. ‘मोडी २’मध्ये दप्तरातली पत्रं वाचून दाखवली होती. तिचं नाव ‘पेशवेकालीन मोडी पत्रे वाचूया : बाराखडी येणाऱ्यांसाठी’. हे शेवटचे दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. बाराखडी न येणारा माणूस इथे चुकून शिरला, पाच मिनिटांत गांगरला आणि मोडी आपल्याला जमणार नाही असं मनाशी ठरवून निघून गेला, तर तो त्या नावाचा दोष आहे. ‘नवीन’ मोडून टाकली. ज्या नावाचा अर्थ महिन्याभरात खोटा ठरतो ते नाव ठेवूच नये.

नाव बदलून क्रम सुधारत नाही, हे इथे सांगायलाच हवं. धडा १, धडा २ असं कितीही नीट लिहिलं तरी यूट्यूब प्लेलिस्ट अकारविल्हे किंवा आकड्यांप्रमाणे लावत नाही. त्याच्याकडे प्रसिद्धीची तारीख, यादीत टाकल्याची तारीख, लोकप्रियता आणि हाताने लावलेला क्रम एवढेच पर्याय आहेत. सरांची यादी ‘प्रसिद्धीची तारीख, ताजे आधी’ अशी लागली होती, म्हणून ‘पहिल्या धड्यापासून’ नाव असूनही ‘सर्व प्ले करा’ दाबलं की सतरावा धडा सुरू व्हायचा. तारीख जुन्याकडून नव्याकडे लावूनही भागलं नाही. धडा ४ मध्ये ‘ण’ चुकला होता आणि सरांनी तो दुरुस्त करून पुन्हा टाकला होता. यूट्यूबवर जुन्या पत्त्यावर नवा व्हिडिओ बसवता येत नाही, दुरुस्त धडा नव्या तारखेचा नवा व्हिडिओ होतो, आणि तारखेच्या क्रमात चौथा धडा सोळाव्याच्या मागे जाऊन उभा राहतो. मालिकेसाठी हाताने लावलेला क्रम हाच एक भरवशाचा.

मग चॅनेलचं पहिलं पान. स्टुडिओत `Customization` खाली `Home` मध्ये १२ पर्यंत विभाग मांडता येतात. इथली एक खोच बऱ्याच जणांना माहीत नसते. ‘एकच प्लेलिस्ट’ या प्रकारच्या विभागाला तुम्ही वेगळं नाव देऊ शकत नाही, प्लेलिस्टचं नावच विभागाचा मथळा होतं. ‘अनेक प्लेलिस्ट’ प्रकाराला मात्र नाव तुम्ही देता. दोन्हींत दिसणंही वेगळं : पहिल्यात धडे एका ओळीत दिसतात, दुसऱ्यात प्लेलिस्टची नुसती मुखपृष्ठं. म्हणून सर्वांत वर ‘मोडी लिपी शिका : पहिल्या धड्यापासून’ हा एकच प्लेलिस्टचा विभाग ठेवला, की पान उघडताच धडा १, २, ३ डोळ्यांसमोर येतात. त्याच्या खाली अनेक प्लेलिस्टचा विभाग, नाव ‘बाराखडी आल्यावर’, त्यात पत्रवाचन, तारखा आणि संक्षेप. १२ची मुभा असली तरी आम्ही तीनवर थांबलो.

चॅनेलच्या वर्णनाला १००० अक्षरं मिळतात आणि पानावर त्यातली जेमतेम पहिली ओळ दिसते, बाकीचं दाबल्यावर उघडतं. सरांची पहिली ओळ होती, ‘नमस्कार, माझ्या चॅनेलवर आपले सहर्ष स्वागत आहे.’ ती काढताना त्यांना वाईट वाटलं. घरी आलेल्याला आधी ‘या, बसा’ म्हणायचं ही त्यांची रीत, आणि ती मला आवडते. म्हणून स्वागत शेवटी नेलं. आता पहिली ओळ अशी आहे : ‘मोडी लिपी शून्यापासून शिका : बाराखडीपासून पेशवेकालीन पत्रापर्यंत.’ दुसऱ्या वाक्यात कुणी कुठून सुरुवात करायची ते, तिसऱ्यात दर रविवारी नवा धडा येतो हे, मग सरांची ओळख.

वर्णन आणि नाव दुसऱ्या भाषेतही नोंदवता येतं, ज्याचं यूट्यूब त्या भाषेत असेल त्याला ते दिसतं. आम्ही इंग्रजी घातलं. तंजावरच्या मराठी राजांची मोडी कागदपत्रं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत आणि ती वाचू पाहणाऱ्या प्रत्येकाला मराठी सफाईने येतंच असं नाही.

सगळं झाल्यावर सरांच्या पुतणीच्या हातात तिचाच फोन दिला, कारण सरांच्या फोनवर यूट्यूब त्यांच्या सवयीप्रमाणे गोष्टी दाखवतं आणि तिथे काहीच सिद्ध होत नाही. तिला सतरावा धडा प्लेलिस्टशिवाय उघडून दिला आणि म्हटलं, पहिला काढ. तिने शीर्षकात मालिकेचं नाव वाचलं, चॅनेलच्या नावावर बोट ठेवलं आणि पान उघडताच धडा १ दाबला. मग यादी खाली सरकवत म्हणाली, ‘काका, धडा ४ दोनदा का आहे?’

जुना, चुकलेला ‘ण’ असलेला धडा यादीत तसाच होता. सर तो काढूनच टाकणार होते, पण त्याचा दुवा किती व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरला असेल कोण जाणे, तो दाबणाऱ्याला रिकामा पडदा दिसला असता. म्हणून तो ‘अनलिस्टेड’ केला, म्हणजे शोधात आणि चॅनेलवर दिसत नाही पण जुना दुवा चालतो. अनलिस्टेड व्हिडिओ सार्वजनिक प्लेलिस्टमध्ये असला तर तिथे दिसतच राहतो, म्हणून यादीतून वेगळा काढला. शीर्षकात पुढे ‘जुना’ लिहिलं आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत दुरुस्त धड्याचा दुवा दिला. तो दुवा सरांनी प्लेलिस्टमधून उचलला, शेवटी `&list=` असलेला, म्हणजे चौथा संपला की पाचवा आपोआप सुरू होतो.