तीन ताटं की सहा वाट्या?

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या घराघरांत जेवणावरून दोन तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरका. ऋजुता दिवेकर यांचा सल्ला नेमका उलटा होता: दर दोन तासांनी थोडं थोडं खा. एकाच घरात सासरे दोन वेळांवर आणि सून सहा वेळांवर, असंही चित्र दिसे. गंमत म्हणजे दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं होती आणि दोन्हीकडे कंटाळून सोडून दिलेलीही होती.

सहा वेळांच्या सल्ल्यामागची कल्पना ऐकायला पटण्यासारखी आहे. चयापचय म्हणजे चूल. तिच्यात सतत बारीक लाकडं सरकवत राहिलं तर ती धगधगत राहील आणि चरबी जळेल. यात तथ्याचा एक कणही आहे. खाल्लेलं पचवायला, शोषायला आणि साठवायला शरीराला ऊर्जा खर्चावी लागते आणि हा खर्च साधारण खाल्लेल्याच्या दहा टक्के असतो. पण हा खर्च किती वेळा खाल्लं यावर ठरत नाही, किती आणि काय खाल्लं यावर ठरतो. दिवसाला १८०० कॅलरी खाणाऱ्याने सहाशेची तीन जेवणं केली तर दर जेवणामागे साठ, म्हणजे दिवसभरात १८० कॅलरी पचनात जातात. तेच अन्न तीनशेच्या सहा वाट्यांत विभागलं तर दर वाटीमागे तीस, म्हणजे पुन्हा १८०च. ताटात डाळ, अंडी, पनीर वाढलं तर मात्र आकडा थोडा वर सरकतो, कारण प्रथिनं पचवायला जास्त ऊर्जा लागते.

मग सहा वेळांची कीर्ती आली कुठून? तिचा एक धागा प्राग शहरात सापडतो. १९६४ मध्ये तिथल्या संशोधकांनी ६० ते ६४ वर्षांच्या ३७९ पुरुषांची पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये छापली. जास्त वेळा खाणाऱ्यांमध्ये लठ्ठपणा कमी दिसत होता. पण ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. वजन वाढू लागलेला माणूस आपणहून एखादं जेवण टाळतो आणि मधलं खाणं सांगताना हात आखडता घेतो, हे पुढच्या काळात वारंवार दिसून आलं. म्हणजे कमी वेळा खाल्ल्याने वजन वाढलं, की वजन वाढलं म्हणून कमी वेळा खाल्लं, याचा उलगडा अशा पाहणीतून होत नाही.

उलगडा करायचा तर अन्न तेवढंच ठेवून फक्त वेळा बदलाव्या लागतात. कॅनडातल्या ओटावा शहरात २०१०च्या सुमारास सोळा लठ्ठ व्यक्तींवर असा प्रयोग झाला. सगळ्यांना गरजेपेक्षा सारख्याच कमी कॅलरी दिल्या. निम्म्यांना तीन जेवणांत, निम्म्यांना तीन जेवणं आणि तीन मधल्या खाण्यांत. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन सुमारे पाच टक्के घटलं. फरक नाही.

आणि पहिल्या पाहणीला पन्नास वर्षं झाली त्याच २०१४ साली, त्याच प्रागमधून उलटा निकाल आला. टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांनी बारा आठवडे सहा लहान जेवणं आणि बारा आठवडे फक्त न्याहारी व दुपारचं जेवण, असे दोन्ही क्रम पाळले. कॅलरीत कपात सारखीच होती. सहा वेळांत सरासरी २.३ किलो उतरले, दोन वेळांत ३.७ किलो. मात्र हे रुग्ण होते, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते आणि दोन वेळांच्या क्रमात त्यांचं रात्रीचं जेवणच नव्हतं. त्यामुळे फायदा कमी वेळांचा की लवकर जेवण्याचा, हा प्रश्न उरतोच.

इथे घड्याळ मध्ये येतं. बॉस्टनमध्ये जादा वजनाच्या सोळा जणांना तेच अन्न एकदा लवकरच्या वेळापत्रकाने आणि एकदा सुमारे चार तास उशिरा दिलं गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उशिराच्या वेळापत्रकात भूक बरीच वाढलेली आणि पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन खाली आलेलं दिसलं. जागेपणीचा ऊर्जाखर्चही सुमारे पाच टक्क्यांनी घटला. पण प्रत्येक फेरी काही दिवसांचीच होती. वजनाचा निकाल तिच्यातून निघणार नव्हता.

तो निकाल त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनने दिला. तीस जणांना चार आठवडे दिवसाच्या कॅलरींपैकी ४५ टक्के सकाळी आणि चार आठवडे ४५ टक्के संध्याकाळी दिल्या. सगळं अन्न संशोधकांनीच पुरवलं होतं. दोन्हीकडे वजन सारखंच घटलं, तीन किलोंच्या थोडं वर. पण सकाळी पोटभर खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली. अन्न कुणीतरी मोजून देतं तेव्हा भूक सोसता येते. घरी मात्र भूक लागली की माणूस उठून डबा उघडतो.

दादरला नोकरी करून रात्री नऊला डोंबिवलीला पोहोचणाऱ्या एखाद्या माणसाचा दिवस अंदाजाने मांडून बघू. सकाळी पोहे आणि चहा, ३५० कॅलरी. दुपारी डब्यातल्या पोळ्या, भाजी, आमटी, ५५०. साडेपाचला वडापाव आणि साखरेचा चहा, ३८०. रात्री पावणेदहाला पोळी, भाजी, वरणभात, ६५०. दुपारपासून नीट जेवण नाही, म्हणून भाताची दुसरी वाढणी ठरलेली. अकराला टीव्हीसमोर मूठ-दीड मूठ फरसाण, २५०. बेरीज २१८०. विचारलं तर तो सांगेल, “मी तीनदाच जेवतो.” खरंतर तोंड पाच वेळा हललेलं असतं.

त्याने साडेपाचला वडापावऐवजी डब्यात राखलेली पोळीभाजी खाल्ली, चहा तसाच ठेवला, तर तिथे २८० होतात. पोटात आधार असल्याने रात्रीचं जेवण दुसऱ्या वाढणीवाचून ५५० वर थांबतं आणि फरसाणाचा डबा बंद राहतो. बेरीज १७३०. रोजची ४५० कॅलरींची तूट. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी धरल्या तर पहिल्या महिन्यात पावणेदोन किलोच्या आसपास वजन उतरावं. खाण्याच्या वेळा पाचाच्या चार झाल्या, पण वजन उतरलं ते गेलेल्या साडेचारशे कॅलरींमुळे.

सहा वेळांचा बेत फसतो तो याच ठिकाणी. मधल्या दोन-तीन वाट्या वाढतात, पण मुख्य ताट लहान होत नाही. दोन वेळांचा बेत वेगळ्या जागी फसतो: उपाशीपणाचा सूड एकाच ताटावर उगवला जातो. आपलं काय चाललंय हे कळायला आठवडाभर तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहावी, मुलाच्या ताटात उरलेला घाससुद्धा. सकाळी उठल्यावर वजन करून आठवड्याची सरासरी काढावी. एका दिवसाचा आकडा मीठपाण्याने वरखाली होतो. तीन आठवड्यांत सरासरी हलली नाही, तर वहीतून काहीतरी सुटतंय.

दोन सावधगिऱ्या आहेत. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. आणि ज्यांच्या छातीत जळजळते त्यांनी जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. ते चरबीसाठी नव्हे, वर येणाऱ्या आम्लासाठी. डोंबिवलीच्या त्या माणसाला पावणेदहाच्या आधी जेवता येणार नाही. लोकलचं वेळापत्रक त्याच्या हातात नाही, साडेपाचचा डबा आहे.