संमतीपत्रातून कॅलेंडरकडे

भिलाईतील कारखान्याला छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाचे संमतीपत्र मिळाले, की तारखा तीन ठिकाणी शोधाव्यात.

मुदत : पहिल्या पानावर. समजा, ती 31 मार्च 2027 ला संपते आणि नूतनीकरणाचा अर्ज साठ दिवस आधी करण्याची अट आहे. तर कॅलेंडरवर 30 जानेवारी लिहा. त्या दिवशी शनिवार आहे, म्हणून अर्ज आदल्या आठवड्यातच भरा.

अटी : वापरलेले तेल साधारणतः 90 दिवसांपर्यंतच साठवता येते. 1 ऑगस्टला भरू लागलेले पिंप 30 ऑक्टोबरपर्यंत अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे.

विवरणपत्रे : घातक कचऱ्याचे फॉर्म 4 दरवर्षी 30 जूनपर्यंत, पर्यावरण विवरणपत्र 30 सप्टेंबरपर्यंत. प्रत्येक नोंदीपुढे अटीचा क्रमांक आणि जबाबदार व्यक्ती लिहा.