रविवारच्या फोर्टमध्ये अर्धा दिवस

डोंबिवलीत राहणारं, दोघंही नोकरी करणारं जोडपं घ्या. हातात एकच रविवार, तोही दुपारपर्यंतच. अशांनी जुहू चौपाटी किंवा मॉल सोडून उलट दिशेचा विचार करावा. दक्षिण मुंबईतला फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग. रविवारी तो मोकळा होतो.

आदल्या दिवशी पाहायची गोष्ट म्हणजे मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर तो बहुतेकदा अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी उशिरापर्यंत चालतो. वेळापत्रक शनिवारच्या पेपरात येतं. हे न पाहता दहानंतर निघालं, तर निम्मी सुट्टी फलाटावरच सरते. त्यामुळे साडेसातची लोकल बरी. दोघांचं दुसऱ्या वर्गाचं परतीचं तिकीट शंभर रुपयांच्या आत येतं.

सीएसएमटीला उतरून फोर्टमधून चालत हॉर्निमन सर्कल गाठावं. समोर एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल, १८३३ मध्ये पूर्ण झालेला. त्याच्या रुंद पायऱ्यांवर डब्यातले पोहे खात निवांत बोलता येतं, आणि आठवडाभर दोघांना नेमकं तेच जमलेलं नसतं.

अकराला जहांगीर कलादालन उघडतं. प्रवेश मोफत, दालनंही आटोपशीर, त्यामुळे तासाभरात चित्रं मनासारखी पाहून होतात. तिथून ओव्हल मैदान पाच-सात मिनिटांवर. पावसाळा सोडला तर रविवारी तिथे एकाच वेळी अनेक क्रिकेट सामने रंगतात, मागे राजाबाई टॉवर. दुपारी मरीन ड्राइव्हचा मोह टाळावा. तिथे सावली नाही.

परतताना गाडी सीएसएमटीहूनच धरावी. दादरला बसायला जागा मिळणं कठीण.