अर्थ कळला, पण वाक्य चुकलं

इंग्रजी–मराठी शब्दकोशात ‘सजेस्ट’ शोधला की ‘सुचवणे’ असा अर्थ मिळतो. तो बरोबरच असतो. पण ‘त्याने मला जायला सुचवलं’ या मराठी वाक्याच्या चालीवर विद्यार्थी ‘ही सजेस्टेड मी टू गो’ असं लिहितो आणि तिथे चुकतो. क्रियापद वाक्यात कसं चालतं, हे बहुतेक छोटे द्विभाषिक कोश सांगत नाहीत.

ते सांगण्यासाठीच शिकणाऱ्यांचे इंग्रजी–इंग्रजी कोश निघाले. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला असा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला. तोच पुढे ऑक्सफर्डचा अॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश झाला. 1978 मध्ये आलेल्या लाँगमनच्या कोशाने जवळजवळ सगळ्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांत बसवल्या.

अशा कोशात ‘सजेस्ट’ पाहताना आधी आपलं वाक्य हाताशी ठेवा. समजा, ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट प्राइसेस विल राइज’ असं वाक्य वाचनात आलं. पहिला अर्थ असतो, इतरांनी विचार करावा म्हणून कल्पना मांडणे. पण अहवाल इथे कुणाला काही करायला सांगत नाही, म्हणून तो सोडून खाली या. एखादी गोष्ट खरी असावी असं वाटायला लावणे, हा अर्थ इथे बसतो. पहिल्याच अर्थावर थांबलात, तर अहवालच भाववाढ सुचवतोय असं वाटेल.

आता स्वतः वाक्य करायचं असेल, तर व्याख्येजवळ ठळक अक्षरांत दिलेल्या रचना पाहा. या शब्दापुढे ‘दॅट’ने सुरू होणारं वाक्य येतं, ‘इंग’ लागलेलं क्रियापद येतं किंवा नाम येतं. कुणाला सुचवलं हे सांगायचं असेल, तर त्या व्यक्तीआधी ‘टू’ लागतं. मग उदाहरणं वाचा. ‘शी सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन’ असं वाक्य दिसलं, की पान झाकून त्याच साच्यात आपलं वाक्य लिहा आणि पुन्हा ताडून पाहा. ‘मी टू गो’ हा साचा त्या नोंदीत कुठेच नसतो, त्यामुळे चूक तिथेच लक्षात येते.

या कोशाची अडचण वस्तूंच्या नावांपाशी येते. ‘टर्मरिक’ म्हणजे एका आशियाई वनस्पतीच्या कंदाची पिवळी पूड, एवढं वाचूनही शंका उरते. मराठी कोश ‘हळद’ म्हणतो आणि काम संपतं. शिवाय व्याख्येतलेच दोन-तीन शब्द अडू लागले, तर तो कोश सध्या आपल्या पातळीच्या वरचा आहे असं समजून त्याच मालिकेतला खालच्या पातळीचा घ्यावा.

म्हणून वस्तू ओळखायची असेल तेव्हा मराठी कोश पुरतो. क्रियापदं, विशेषणं आणि भाववाचक नामं मात्र आधी इंग्रजी कोशात वाचावीत, आपला अर्थ मनाशी ठरवावा आणि मराठी प्रतिशब्द शेवटी पडताळणीसाठी पाहावा.