डांबरगोळीत दडलेले ७८ किलोज्यूल

कपड्यांच्या पेटीत ठेवायची जुनी पांढरी डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. त्याच्या रेणूत १० कार्बन आणि ८ हायड्रोजन. ग्राफाइट आणि हायड्रोजन वायू एकत्र करून थेट नॅप्थलीन बनवता येत नाही. तरीही उष्मारसायनाच्या अहवालात त्याची निर्मिती एन्थाल्पी, म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल घन नॅप्थलीन तयार होतानाचा उष्णतेचा जमाखर्च, अधिक ७८ किलोज्यूल अशी दिलेली असते. न घडणाऱ्या अभिक्रियेची उष्णता कोणी मोजली?

कोणीच नाही. मोजली ती जळण्याची.

सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये दाखवून दिले, की एकूण उष्णता सुरुवात आणि शेवट यांवरच ठरते, मधल्या वाटेवर नाही. एन्थाल्पी चक्र उभे आहे ते याच नियमावर. १० मोल ग्राफाइट आणि ४ मोल हायड्रोजन थेट जाळा, किंवा आधी त्यांचे नॅप्थलीन करून मग ते जाळा. शेवटी हाती येतात १० मोल कार्बन डायऑक्साइड आणि ४ मोल पाणीच.

आता आकडे मांडू. एक मोल ग्राफाइट जळताना ३९३.५ आणि एक मोल हायड्रोजन जळून द्रव पाणी होताना २८५.८ किलोज्यूल बाहेर पडतात. पहिल्या वाटेने एकूण ५०७८. नॅप्थलीन मात्र जळताना ५१५६ देते. हे जादा ७८ किलोज्यूल आले कुठून? नॅप्थलीन बनतानाच ते आत साठवले गेले असणार. म्हणून अधिक चिन्ह.

पण ५१५६ हा आकडाही उपकरणातून जसाच्या तसा निघत नाही. नमुना जळतो तो ऑक्सिजन भरलेल्या पोलादी बाँब कॅलरीमीटरमध्ये, बंद घनफळात. तिथे मिळते ५१५१. जळताना १२ मोल ऑक्सिजन संपतो आणि १० मोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे वायू २ मोलनी घटतो. हेच ज्वलन स्थिर दाबाखाली झाले असते, तर आकसणाऱ्या वायूवर बाहेरच्या हवेने केलेल्या कामाचे सुमारे ५ किलोज्यूल उष्णतेत मिळाले असते. ते मिळवायचे राहिले, तर उत्तर ७८ ऐवजी ७३ येते.

इथेच या पद्धतीची खरी अडचण आहे: उत्तर म्हणजे दोन प्रचंड आकड्यांमधली छोटीशी वजाबाकी. ज्वलनाच्या मापनात हजारात एका भागाची चूक झाली, तरी उत्तर ५ किलोज्यूलने सरकते. आणि पाणी द्रव आहे हे विसरून वाफेचा आकडा घातला, तर उत्तर थेट २५४ वर जाते. एवढी मोठी उडी निदान डोळ्यांत तरी भरते.

काजळी अधिक लबाड. एक ग्रॅम नमुन्यातला जेमतेम तीन मिलिग्रॅम कार्बन न जळता राहिला, तरी उत्तर ६५ च्या आसपास घसरते आणि वर खरेही वाटते. म्हणून अनुभवी प्रयोगकर्ता तापमानाचा आलेख हाती घेण्याआधी बाँबचे झाकण उघडून वाटीचा तळ पाहतो. तिथे काळा डाग दिसला, की ते मोजमाप बाद.